रफ कटवरच्या नोट्स टाइमकोडसह कशा लिहायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माहितीपट आणि शॉर्ट फिल्म एडिट करतो. रफ कट पाठवला की नोट्स येतात, आणि त्यांच्या मागोमाग नोट्स कशा लिहायच्या याचे प्रश्नही येतात. बहुतेक प्रश्न दिग्दर्शकांचे असतात, काही निर्मात्यांचे. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं.

उदाहरणं मुद्दाम एकाच फिल्ममधली घेतली आहेत. कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळावरचा साधारण २४ मिनिटांचा माहितीपट, सेकंदाला २५ फ्रेम्स, आणि टाइमलाइन 01:00:00:00 पासून सुरू होणारी.

१. टाइमकोड म्हणजे नेमकं काय? प्लेअरमध्ये खाली वेळ दिसते तीच ना?

नाही. प्लेअरमधली वेळ फाइल सुरू झाल्यापासून किती मिनिटं-सेकंद गेले ते सांगते. टाइमकोड हा एडिटरच्या टाइमलाइनवरचा पत्ता असतो आणि त्यात प्रत्येक फ्रेमला स्वतःचा आकडा असतो. `01:07:42:10` यातले चार भाग म्हणजे तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शेवटचा भाग 00 ते 24 एवढाच फिरतो, त्यानंतर सेकंद एकाने वाढतो.

सुरुवातीचा 01 बघून बरेच जण गोंधळतात, कारण फिल्म तर २४ मिनिटांचीच असते. टाइमलाइन पहिल्या तासापासून सुरू करायची जुनी पद्धत आहे आणि रिझॉल्व्हमध्ये नवी टाइमलाइन आपसूक 01:00:00:00 लाच सुरू होते. प्रीमियरमध्ये ती शून्यापासून सुरू होते, पण हवी तर बदलता येते. तेव्हा 01:07:42:10 म्हणजे फिल्म सुरू झाल्यावर सात मिनिटं, बेचाळीस सेकंद आणि दहा फ्रेम्स.

एडिटर हा आकडा कोलन न देता, नुसता `01074210`, टाइमकोडच्या चौकटीत टाइप करतो आणि प्लेहेड थेट त्या फ्रेमवर जातो. एका नोटला दोन सेकंद लागतात. "सातव्या मिनिटाच्या आसपास" असं लिहिलं की तोच एडिटर साडेसहाव्या मिनिटापासून बघायला लागतो आणि तुमच्या मनात कुठला शॉट असेल याचा अंदाज करत बसतो.

२. मला आलेल्या कटवर टाइमकोड दिसतच नाही. मग काय लिहू?

आधी एडिटरकडे चित्रावर टाइमकोड छापलेली फाइल मागा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, उलट न मागता ती पाठवणं हे त्याचंच काम आहे. रिझॉल्व्हमध्ये `Workspace` मेनूत `Data Burn-In` असतं, तिथे `Record Timecode` वर खूण करायची. प्रीमियरमध्ये एक्स्पोर्ट करताना `Timecode Overlay` मिळतो. त्याच्या शेजारी कटचा क्रमांकही छापून घ्या, म्हणजे v3 वगैरे. तो का लागतो ते प्रश्न ९ मध्ये आहे. हे आकडे चित्राच्या वरच्या कडेला असलेले बरे, खाली सबटायटल्स येतात.

छापलेल्या आकड्याचा मोठा फायदा हा की तो चित्राचाच भाग होतो. फाइल व्हॉट्सॲपवरून गेली, दाबली गेली, कुठल्याही प्लेअरमध्ये उघडली, तरी त्या फ्रेमवर तोच आकडा दिसतो.

अगदीच मिळाली नाही, तर प्लेअरची वेळ लिहा, मात्र नोट्सच्या वर तसं स्पष्ट सांगा: "वेळा व्हीएलसीमधल्या आहेत, फाइल शून्यापासून." एडिटर एक तास मिळवून घेईल. ही एक ओळ राहिली तर काय होतं ते प्रश्न १० मध्ये.

३. एक नोट नमुन्यादाखल लिहून दाखवाल का?

आधी खरी आलेली नोट बघा: "दादा, सातव्या मिनिटाला जरा लांबलंय, बघ ना."

हीच नोट नंतर दिग्दर्शकाने पुन्हा लिहून दिली ती अशी:

```
v3 | 01:07:42:10 ते 01:08:03:00
जागा: काहिलीतल्या उकळीचे तीन शॉट, गुळव्याच्या बाइटच्या आधी
अडचण: पहिल्या शॉटनंतर काय बघायचंय ते कळत नाही, लक्ष उडतं
महत्त्व: मोठं
```

चार ओळींत काय काय आलंय ते बघा. v3 मुळे कुठला कट ते कळलं. सुरुवात आणि शेवट दिल्यामुळे हे वीस सेकंद आणि पंधरा फ्रेम्सचं दुखणं आहे, एखाद्या कटचं नाही, हे कळलं. "जागा" या ओळीत चित्राचं वर्णन आहे, आणि ती ओळ लोक सर्रास गाळतात. टाइमकोडमध्ये एक आकडा चुकला, 42 चं 24 झालं, तर ही ओळ एडिटरला वाचवते: त्या ठिकाणी काहील नसून बैलगाडी दिसली की त्याला लगेच कळतं, आकडा चुकलाय. बोलण्याचा भाग असेल तर वर्णनापेक्षा बाइटमधले पहिले तीन-चार शब्द जसेच्या तसे लिहा. एडिटरकडे बाइट्स उतरवून काढलेल्या असतात, तो शब्द शोधून पोचतो.

अडचणीच्या ओळीत उपाय नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यावर पुढचाच प्रश्न आहे.

४. काय करायचं ते मीच सांगितलं तर एडिटरचं काम सोपं होणार नाही का? "इथून कापा" असं लिहू नये का?

लिहा, पण अडचण लिहून झाल्यावर. नुसता उपाय आला की एडिटर तो करून टाकतो आणि दुखणं तसंच राहतं.

वरची जागाच घ्या. v1 च्या वेळी त्याच दिग्दर्शकाने मला लिहिलं होतं, "काहिलीचे दोन शॉट काढ, एकच ठेव." मी काढले. पुढचा कट बघून त्याचं म्हणणं, "अजूनही संथच वाटतंय, आणि आता तर गुळाला वेळ लागतो हेही कळत नाही." शॉट परत टाकले, म्हणून v3 मध्ये ते तीनच दिसतात. मग मी त्याला विचारलं, बघताना तुला नेमकं काय होतं? त्यावर त्याने वरची नोट लिहिली: काय बघायचं ते कळत नाही.

हे वाचल्यावर माझी नजर त्या शॉटऐवजी त्यांच्या पुढच्या बाइटवर गेली. 01:08:03:00 ला गुळव्या सांगतो की पाक पाण्यात टाकला की त्याची गोळी झाली पाहिजे, तोवर काहील उतरवायची नाही. म्हणजे प्रेक्षक आधी वीस सेकंद उकळी बघत होता आणि हा माणूस कशाची वाट बघतोय ते त्याला मागाहून कळत होतं. मी बाइट उचलून शॉटच्या आधी टाकली. तिन्ही शॉट पूर्ण लांबीचे राहिले, एक फ्रेमही कापली नाही. आता ते बघताना आपणही गोळी होण्याची वाट बघतो. दिग्दर्शकाचा निरोप आला, "बरं झालं कमी केलंस."

म्हणून माझा आग्रह असा: जे वाटलं ते आधी. कंटाळा आला, गोंधळ झाला, हा माणूस कोण ते विसरलो, इथे हसू यायला नको होतं तरी आलं. त्याखाली "सुचवणी:" असं लिहून तुमचा उपाय द्या. कधी कधी तोच बरोबर असतो.

याला अपवाद आहे. चूक वस्तुस्थितीची असेल तर सरळ दुरुस्ती लिहा. नाव चुकलं, गावाचा तालुका चुकला, ढेपेचं वजन चुकीचं सांगितलं, तिथे भावना कळवत बसू नका.

५. टाइमकोड फ्रेमपर्यंत अचूक द्यायला हवा का?

दृश्याबद्दलची नोट असेल तर सेकंदापर्यंत पुरे, शेवटी :00 लिहिलंत तरी चालतं. एका विशिष्ट कटबद्दल किंवा एका फ्रेमच्या चुकीबद्दल असेल तर मात्र फ्रेम हवी. दोन शॉटच्या मधे एक काळी फ्रेम राहिली असेल तर "01:11:05 ला काहीतरी चमकलं" यावरून ती शोधायला बराच वेळ जातो. 01:11:05:17 असं लिहिलं तर ती समोरच असते. व्हीएलसीमध्ये `E` दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, तसं करून छापलेला आकडा वाचा.

आकडा किती बारीक आहे यापेक्षा तो कुठे थांबून घेतलाय, हे जास्त नडतं. खटकल्यावर आपला हात स्पेसबारकडे जाईपर्यंत दोन-तीन सेकंद गेलेले असतात, आणि बहुतेक जण जिथे चित्र थांबलं तिथलाच टाइमकोड लिहितात. त्यामुळे नोट पुढच्याच शॉटवर जाऊन बसते. ज्या साइट्सवर चित्र थांबवून तिथेच कॉमेंट टाकता येते, तिथे तर हे जास्त होतं, कारण आकडा आपण लिहितच नाही, आपोआप पडतो. थांबल्यावर थोडं मागे जा, जिथे खटकायला लागलं ती जागा पकडा, मग लिहा.

माझ्याकडे एकदा "ही बाई इथे का?" अशी नोट आली. त्या टाइमकोडला फ्रेममध्ये होता एक बैल.

६. एकच गोष्ट सगळीकडे खटकतेय. दर वेळी वेगळी नोट लिहू?

नको. संगीत सगळीकडेच वरचढ वाटत असेल तर ती नोट एकदाच, यादीच्या वर, "संपूर्ण कट" या मथळ्याखाली लिहा. मात्र खाली दोन-तीन टाइमकोड उदाहरणादाखल द्या, आणि जमल्यास जिथे ते योग्य वाटलं अशी एक जागाही द्या. "01:03:20:00 आणि 01:14:08:00 ला बाइट ऐकू येत नाही, 01:19:40:00 ला पातळी छान आहे" एवढ्यावरून तुमचा कान कुठे आहे ते एडिटरला कळतं आणि बाकीच्या जागा तो स्वतः करतो.

फिल्मच्या एकूण रचनेबद्दल काही असेल, उदाहरणार्थ चुलवाणाचा भाग उसाच्या फडाच्या आधी यायला हवा, तर तेही वरच. एडिटर हे आधी वाचतो. आख्खा भागच उडणार असेल तर त्यातल्या बारीक नोट्स त्याला कराव्याच लागत नाहीत.

७. व्हॉइस नोट पाठवली तर चालेल का? टाइप करायला वेळ नसतो.

मला विचाराल तर नाही. एका दिग्दर्शकाने गाडी चालवताना सहा व्हॉइस नोट्स पाठवल्या होत्या, सगळ्या मिळून जवळजवळ वीस मिनिटं. फिल्म चोवीस मिनिटांची. त्यात "त्याच्या आधीचा तो शॉट" हे शब्द किती वेळा आले ते मी मोजलं नाही. त्या ऐकून, थांबवून, लिहून काढण्यात माझी संध्याकाळ गेली. म्हणजे टाइप करण्याचा वेळ वाचला नव्हता, फक्त तो माझ्या अंगावर आला होता.

बोलूनच सांगायचं असेल तर प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला टाइमकोड उच्चारा आणि एका नोटमध्ये एकच मुद्दा ठेवा. भावनेच्या, लयीच्या गोष्टी आवाजात जास्त चांगल्या पोचतात, हे मला मान्य आहे. त्या फोनवर बोलूया. "01:16:30:00 ला सुपर चुकलाय" हे मात्र लिहूनच यायला हवं.

८. नोट्स कशात लिहू? वर्ड, एक्सेल, की मेल?

एक्सेल किंवा गूगल शीट सगळ्यांत सोयीचं, कारण टाइमकोडच्या क्रमाने लावता येतं आणि शेजारच्या रकान्यात एडिटर "झालं", "नाही झालं, कारण…" असं लिहू शकतो. दोन खड्डे सांभाळा. रकाना आधी साध्या मजकुराचा, म्हणजे `Plain text` करा. नाहीतर तुम्ही 02:14 लिहाल आणि शीट त्याची रात्रीची सव्वादोनची वेळ करून टाकेल. दुसरं, मराठी कीबोर्डवरून लिहिताना आकडे देवनागरीत पडतात. मजकूर खुशाल मराठीत लिहा, पण टाइमकोड इंग्रजी आकड्यांत, पडद्यावर दिसतो तसाच ठेवा. एडिटर तो कॉपी करून टाइमकोडच्या चौकटीत टाकतो, तिथे ०१:०७:४२:१० असं टाकून प्लेहेड हलेल यावर विसंबू नका.

फाइलच्या नावात कटचा क्रमांक आणि तुमचं नाव असू द्या.

९. नोट्स लिहून होईपर्यंत नवा कट आला. आता माझे टाइमकोड जुळत नाहीत. सगळं परत लिहू?

बहुधा नाही. पण हे का होतं ते समजून घ्या, कारण सगळ्यांत जास्त भांडणं इथेच होतात.

टाइमलाइन आगगाडीच्या डब्यांसारखी असते. पुढचा एक डबा काढला की मागचे सगळे पुढे सरकतात. समजा v3 मध्ये 01:02:10:00 ते 01:02:22:00 हा बारा सेकंदांचा भाग काढला आणि 01:05:00:00 च्या जागी चार सेकंदांचा नवा शॉट घातला. आता तुमची 01:07:42:10 ची नोट नव्या कटमध्ये आठ सेकंद अलीकडे, 01:07:34:10 ला लागू होते. दुसऱ्या मिनिटाच्या आधीच्या नोट्स जिथल्या तिथे आहेत. चौथ्या मिनिटाच्या बारा सेकंद सरकल्या. प्रत्येक नोट वेगळ्या अंतराने सरकते, त्यामुळे "सगळ्यांतून आठ वजा कर" असं करून चालत नाही. आणि दृश्यांची अदलाबदल झाली असेल तर वजाबाकीचा उपयोगच नाही.

एवढं सगळं असलं तरी नोट्सवर v3 लिहिलेलं असेल तर एडिटरला फारसा त्रास होत नाही. तो v3 ची जुनी टाइमलाइन उघडतो (प्रत्येक कटची प्रत ठेवलेली असते, निदान असायला हवी), तिच्यावर तुमच्या नोट्स बघतो आणि तीच जागा नव्यात शोधतो. घात होतो तो क्रमांक नसल्यावर. कुठल्या कटवर लिहिलंय ते कळत नाही, आणि निम्म्या नोट्स योगायोगाने भलत्याच शॉटला बऱ्यापैकी लागूही पडतात.

तुमच्या बाजूने एवढं करा: नवा कट आल्यावर जुन्या नोट्सचे टाइमकोड अर्धवट बदलत बसू नका. अर्धे v3 चे, अर्धे v4 चे अशी यादी म्हणजे कुणालाच न उघडणारं कुलूप. एक तर जशी आहे तशी v3 म्हणून पाठवा, नाहीतर v4 पूर्ण बघून नव्याने लिहा.

एडिटर मंडळींसाठी एक जाता जाता: नोट्स शेवटाकडून सुरुवातीकडे करत या. एकविसाव्या मिनिटाची आधी, मग सतराव्या मिनिटाची. मागचा डबा काढल्याने पुढचे हलत नाहीत, त्यामुळे अजून न केलेल्या नोट्सचे आकडे शेवटपर्यंत खरे राहतात. रचनेचे मोठे बदल असतील तर हे जमत नाही. तेव्हा काहीही कापण्याआधी सगळ्या नोट्स मार्कर म्हणून लावून घ्या, आणि शक्यतो टाइमलाइनवर न लावता त्या त्या क्लिपवरच लावा, म्हणजे क्लिप जिकडे जाईल तिकडे नोटही जाते.

१०. कट तोच आहे, तरी माझा आकडा आणि एडिटरचा आकडा जुळत नाही. कुणाचं चुकतंय?

दोन जागा तपासा, एक सुरुवातीजवळची आणि एक शेवटाजवळची. दोन्हीकडे किती फरक पडतो ते लिहून काढलंत की कारण बहुतेक सापडतंच.

दोन्हीकडे बरोबर एक तासाचा फरक असेल तर तुम्ही प्लेअरची वेळ लिहिताय आणि एडिटरची टाइमलाइन 01:00:00:00 पासून आहे. दोन्हीकडे सारखाच, पण काही सेकंदांचा फरक असेल तर फाइलच्या सुरुवातीला पाटी किंवा काळा पडदा जोडलेला आहे, किंवा एडिटरच्या टाइमलाइनवर तो आहे आणि तुमच्या फाइलमध्ये नाही. हे दोन्ही निरुपद्रवी. एक आकडा मिळवला-वजा केला की झालं.

फरक सुरुवातीला नगण्य आणि शेवटाकडे वाढत जात असेल तर फ्रेम रेट वेगळा आहे. २४ फ्रेम्सवर एडिट केलेला कट कुणी २५ च्या वेगाने चालवला, तर टाइमलाइनवरची पंचवीस मिनिटं प्लेअरमध्ये चोवीस मिनिटांत संपतात. दहाव्या मिनिटाच्या नोटला चोवीस-पंचवीस सेकंदांची चूक येते. इथे एक आकडा मिळवून भागत नाही, योग्य फाइल पुन्हा मागवावी लागते. फ्रेमचा भागही चुगली करतो: २५ च्या कटवर कुणी 01:03:10:27 लिहिलं असेल तर तो आकडा त्या टाइमलाइनवर अस्तित्वातच नाही. म्हणजे त्याचा प्लेअर ३० च्या हिशेबाने मोजतोय.

आणि एका ठरावीक जागेपर्यंत सगळं जुळतंय, तिथून पुढे अचानक सरकतंय, असं असेल तर कट तोच नाही. प्रश्न ९ वर जा.

११. अमेरिकेतल्या सहनिर्मात्याच्या नोट्समध्ये कोलनऐवजी अर्धविराम आहे, 01:07:42;10 असा. हे टंकनाची चूक आहे का?

नाही, तो ड्रॉप फ्रेम टाइमकोड आहे. आपल्याकडे टीव्हीसाठी २५ फ्रेम्सचा हिशेब असतो, तिथे हा प्रकार येत नाही. अमेरिकेत २९.९७ चालतं. सेकंदाला पूर्ण ३० नसल्यामुळे ३० च्या हिशेबाने मोजलेला टाइमकोड घड्याळाच्या मागे पडत जातो, तासाला ३.६ सेकंद. ते भरून काढायला दर मिनिटाच्या सुरुवातीला दोन आकडे गाळतात, फक्त प्रत्येक दहावं मिनिट सोडून. गाळले जातात ते आकडे, चित्रातली एकही फ्रेम जात नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचं एवढंच की तुमची टाइमलाइन २५ ची आणि त्यांच्या नोट्स अर्धविरामाच्या, तर त्यांनी छापलेला आकडा वाचलेला नाही, त्यांच्या प्लेअरने किंवा सॉफ्टवेअरने स्वतःचा हिशेब केला आहे. त्यांना छापलेला आकडाच लिहायला सांगा. तोवर मिनिटं-सेकंद धरून चला आणि फ्रेमचा भाग सोडून द्या.

१२. चित्रावर दोन टाइमकोड छापलेत. कुठला लिहू?

एक टाइमलाइनचा, दुसरा मूळ शूटचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या त्या क्लिपचा. ओळखणं सोपं आहे: कट आला की उडी मारतो तो मूळ क्लिपचा, आणि न थांबता सलग पुढे जातो तो टाइमलाइनचा. नोट नेहमी टाइमलाइनच्या आकड्याने लिहा.

मूळचा आकडा एकाच कामाला लागतो: कटमध्ये नसलेला शॉट मागायचा असेल तेव्हा. "गुळव्याच्या हातावरचे चट्टे दिसणारा शॉट होता, तो टाका" असं लिहायचं असेल तर क्लिपचं नाव आणि तिचा आतला टाइमकोड द्या, आणि तो कुठे बसवायचा त्या जागेचा टाइमलाइनचा टाइमकोड वेगळा द्या. दोन्हींच्या पुढे "मूळ" आणि "टाइमलाइन" असं अक्षरात लिहा. मूळ आकडा माहीत नसेल तर शूटचा दिवस आणि वेळ सांगा, दिवस दुसरा, दुपारनंतर, एवढंही पुष्कळ आहे.

१३. रंग, आवाजातली घरघर, सबटायटल्समधली शुद्धलेखनाची चूक, हे रफ कटवर सांगायचं का?

रंगाबद्दल नको, तो अजून झालेलाच नसतो. घरघरीबद्दल तेव्हाच सांगा जेव्हा शब्द कळत नसेल, कारण मग ती बाइट ठेवायची की नाही हा एडिटचा प्रश्न होतो. शुद्धलेखन वेगळ्या यादीत लिहून ठेवा आणि कट पक्का झाल्यावर द्या. निम्मी वाक्यं तोवर उडालेली असतात.

१४. निर्माता म्हणतो दृश्य लहान करा, दिग्दर्शक म्हणतो वाढवा. दोघांच्या नोट्स एकाच टाइमकोडवर आहेत. एडिटरने कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच नाही, जोवर दोघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही तोवर. खरं तर ही यादी एडिटरकडे अशी यायलाच नको. नोट्स एकत्र करून, विरोधी असलेल्या सोडवून, एकच यादी देणं हे दिग्दर्शकाचं किंवा त्याने नेमलेल्या एका माणसाचं काम.

तरी आलीच तर मी त्या दोन नोट्स शेजारी ठेवून "अडचण" ही ओळ वाचतो. गुऱ्हाळाच्या फिल्ममध्ये 01:20:15:00 ला ढेपा ट्रकमध्ये भरण्याचं दृश्य होतं. निर्मात्याचं म्हणणं, लांबलंय. दिग्दर्शकाचं म्हणणं, एवढ्या कष्टाचा माल इतक्या पटकन निघून जातो हे जाणवत नाही, वाढव. मी दोघांनाही विचारलं, नेमकं कुठून खटकतंय? निर्मात्याने 01:20:15:00 ते 01:20:38:00 दिलं, त्यात ट्रक मागे घेणं, फळकूट पाडणं असं चाललं होतं. दिग्दर्शकाने 01:20:51:00 दिलं, जिथे रिकाम्या खोलीचा एकच शॉट होता, दोन सेकंदांचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. ट्रकचे तेवीस सेकंद नऊवर आणले आणि रिकाम्या खोलीचा शॉट सात सेकंद ठेवला.